पन्नास फोनचं एमडीएम: सॉफ्टवेअर नंतर बघू, आधी फोन कोणाचा ते ठरवा

प्रश्न: "आमची एफएमसीजी डिस्ट्रिब्युशनची कंपनी आहे, एकूण ५० फोन. ३२ अँड्रॉइड कंपनीने घेऊन दिलेत (२० सेल्स, १२ डिलिव्हरी), १५ ऑफिसवाल्यांचे स्वतःचे अँड्रॉइड, ३ पार्टनर लोकांचे आयफोन. मागच्या महिन्यात एक सेल्समन सोडून गेला आणि सगळा पार्टी डेटा घेऊन गेला, फोन परत दिला तो पण लॉक. आता मालक म्हणतात एमडीएम लावा. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? फोन सगळे वापरात आहेत. आयटीला मी एकटाच आहे."

एमडीएम म्हणजे एका कन्सोलवरून सगळे फोन सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचं नाव मी खाली सांगतो, पण खरं सांगू का, त्याने फार फरक पडत नाही. अडचण अशी आहे की अँड्रॉइडमध्ये कंपनीचा फोनवर किती ताबा राहणार हे फोन पहिल्यांदा चालू होताना ठरतं, नंतर बदलता येत नाही. म्हणजे फोन बॉक्समधून काढला, पहिली वेलकम स्क्रीन आली, तिथेच त्याला सांगावं लागतं की बाबा तू कंपनीचा आहेस. एकदा का कोणी स्वतःचा जीमेल टाकून होम स्क्रीनवर पोचला की मग तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर आणा, पूर्ण ताबा मिळणार नाही, त्यासाठी फोन रिसेटच मारावा लागतो. तुमचे ३२ फोन वापरात आहेत, म्हणजे तुमचं मुख्य काम ३२ चालू फोन कोणाचा काही डेटा न घालवता रिसेट करणं हे आहे. सॉफ्टवेअरवाला सेल्सचा माणूस डेमोमध्ये हे सांगत नाही, तो कोरा फोन घेऊन येतो.

तर आधी कुठला फोन कुठल्या पद्धतीने घ्यायचा ते बघू. अँड्रॉइडमध्ये तुमच्या कामाच्या पद्धती तीन आहेत.

पहिली, फुली मॅनेज्ड. अख्खा फोन कंपनीचा, कुठलं ॲप असेल नसेल सगळं तुम्ही ठरवणार. दुसरी, कंपनीच्याच फोनवर वर्क प्रोफाइल, म्हणजे फोन कंपनीचा पण आत दोन भाग, एक कामाचा आणि एक त्या माणसाचा खाजगी. अँड्रॉइड ११ पासून पुढे या पद्धतीत कंपनीला खाजगी भागातली ॲप, फोटो वगैरे दिसत नाहीत, पण अमुक ॲप खाजगी भागातही नको अशी यादी लावता येते आणि वेळ आली तर पूर्ण फोन पुसता येतो. या दोन्हीला रिसेट लागतोच. तिसरी, माणसाच्या स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल, याला रिसेट लागत नाही, ॲप टाकलं की कामाचा वेगळा कप्पा तयार होतो आणि कंपनीचा हक्क फक्त त्या कप्प्यापुरता.

डिलिव्हरीचे १२ फोन मी डोळे झाकून फुली मॅनेज्ड करेन. त्यांना चलनाचं ॲप, मॅप, फोन आणि व्हॉट्सॲप एवढंच लागतं, आणि बहुतेक पोरांकडे स्वतःचा दुसरा फोन असतोच. सेल्सचे २० हा खरा वादाचा भाग आहे. मालकाला वाटतं फोन आपण घेऊन दिला म्हणजे सगळा आपला. पण सेल्समन तोच फोन रात्री घरी घेऊन जातो, त्यात पोरांचे फोटो, घरचा ग्रुप, युपीआय सगळं असतं. त्याला फुली मॅनेज्ड केलात की तो काय करतो, गपचूप स्वतःचा जुना फोन काढतो आणि पार्ट्यांशी त्यावरून बोलायला लागतो, म्हणजे जो डेटा वाचवायला निघालात तोच बाहेर. म्हणून सेल्सला दुसरी पद्धत, कंपनीचा फोन प्लस वर्क प्रोफाइल. ऑफिसचे १५ अर्थातच तिसरी. तुमच्याकडे कामाचे तास संपल्यावर फोन ऑफिसमध्ये जमा करायची पद्धत असेल तर मात्र सेल्सलाही फुली मॅनेज्ड चालेल, हे तुमच्या तिथल्या रीतीवर आहे.

आता सॉफ्टवेअर. तुमची मेल कुठे आहे ते बघा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बिझनेस प्रीमियम प्लॅन असेल तर मायक्रोसॉफ्टचं एमडीएम इंट्यून त्यात आहेच, वेगळे पैसे द्यायची गरज नाही. गुगल वर्कस्पेस असेल तर बिझनेस प्लसमध्ये ॲडव्हान्स्ड मॅनेजमेंट मिळतं, स्टार्टरमध्ये मिळतं ते अगदीच जुजबी. यातलं काही नसेल तर आपल्याकडचे स्केलफ्युजन (हे पुण्याचेच), मॅनेजइंजिन, हेक्सनोड असे बरेच आहेत, सगळ्यांचं ट्रायल मिळतं. ट्रायल घेताना फीचरची यादी वाचत बसू नका, तुमच्याच एका जुन्या फोनवर वरच्या तीनही पद्धतीने एनरोल करून, म्हणजे एमडीएमला जोडून बघा आणि मग तोच फोन कन्सोलमधून पुसून परत एनरोल करून बघा. हे जिथे कटकट न होता झालं ते घ्या.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी नीट करा. कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी ते मॅनेज्ड गुगल प्लेला, म्हणजे कंपन्यांसाठीच्या प्ले स्टोअरला, एका अकाउंटने जोडावं लागतं, त्यातूनच पुढे सगळ्या फोनवर ॲप जातात. ते अकाउंट तुमचं स्वतःचं जीमेल नको, कंपनीच्या डोमेनचं ठेवा, म्हणजे आयटी किंवा ॲडमिन असल्या नावाचं, आणि पासवर्ड अधिक रिकव्हरी नंबर एका पार्टनरकडे पण असू द्या. उद्या तुम्ही नोकरी बदलली आणि ते अकाउंट हाताला लागलं नाही तर ती जोडणी तोडून सगळे फोन पुन्हा पहिल्यापासून एनरोल करावे लागतात. मी एका कंपनीत असं प्रकरण निस्तरायलाच गेलो होतो, आधीचा आयटीवाला दुबईला आणि अकाउंट त्याच्या कॉलेजच्या जीमेलवर.

आता रिसेटकडे येऊ, कारण भांडणं इथेच होतात. एक फोन घेऊन पूर्ण सांगतो, सेल्समनचा, म्हणजे कंपनीचा फोन पण त्यात दोन वर्षांचा संसार.

पहिलं काम कॉन्टॅक्ट. सेव्ह कुठे झालेत ते बघा, गुगल अकाउंटमध्ये, फोन मेमरीत की सिममध्ये. आपल्याकडे निम्म्या लोकांचे फोन मेमरीत असतात आणि ते रिसेटमध्ये गायब होतात. कॉन्टॅक्ट ॲपमधून एक्सपोर्ट करून व्हीसीएफ फाइल काढा आणि ती ऑफिसच्या ड्राइव्हवर टाका. इथेच एक बरं होतं, पार्ट्यांचे नंबर पहिल्यांदाच कंपनीकडे येतात. घरचे नंबर त्यातून काढून टाकायला त्या माणसालाच शेजारी बसवा.

दुसरं व्हॉट्सॲप. बॅकअप घ्या एवढं सगळेच सांगतात, पण बॅकअप कुठल्या जीमेलवर जातोय ते बघत नाहीत. तो त्या माणसाच्या खाजगी जीमेलच्या ड्राइव्हमध्ये असतो. रिसेटनंतर परत आणायला फोनवर तेच जीमेल टाकावं लागतं. सेल्सच्या फोनला अडचण नाही, खाजगी भागात तो त्याचं जीमेल टाकेल आणि चॅट परत येतील. अडकतात ते डिलिव्हरीचे फुली मॅनेज्ड फोन, कारण तिथे आपण हौसेने नवीन अकाउंट टाकायला बंदी केलेली असते. मग माणूस नंबर टाकतो, व्हॉट्सॲप चालू होतं, बॅकअप सापडत नाही म्हणतं, तो स्किप दाबतो आणि चॅट गेले. म्हणून डिलिव्हरीच्या फोनवर पहिले एक-दोन दिवस अकाउंट टाकायची परवानगी उघडी ठेवा, चॅट परत आले की ते जीमेल काढा आणि मग बंदी लावा. बॅकअप घेताना व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअप स्क्रीनवर खाली जीमेल कुठलं दिसतंय आणि शेवटच्या बॅकअपची वेळ आजची आहे का, या दोनच गोष्टी बघायच्या, पण त्या स्वतःच्या डोळ्याने बघायच्या, "हो सर झालाय" याच्यावर जायचं नाही. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू असेल तर त्याचा पासवर्ड त्याला आठवतोय का ते पण तेव्हाच विचारा.

तिसरं युपीआय. बऱ्याच सेल्समननी बँकेत कंपनीचाच नंबर देऊन ठेवलेला असतो. रिसेटनंतर युपीआय ॲप परत रजिस्टर करावं लागतं, त्यात सिममधून एसएमएस जातो, ते होतं. पण हा मोका साधून त्यांना सांगा की बँकेला स्वतःचा नंबर द्या, कारण नोकरी सुटली की सिम कंपनीकडे येणार आणि मग त्याच्या बँकेचे ओटीपी तुमच्या टेबलावर येत राहणार. हे दोघांसाठीही वाईट.

चौथं, आणि तुमच्या लॉक झालेल्या फोनचं उत्तर यातच आहे. रिसेट मारायच्या आधी सेटिंग्जमधून फोनवरची सगळी गुगल अकाउंट काढा. अँड्रॉइडमध्ये फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन म्हणजे एफआरपी असतं, फोन बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट केला की तो चालू होताना आधीचं गुगल अकाउंट किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. चोराने विकू नये म्हणून केलेली सोय, पण आपल्याकडे चोर एखादा आणि सोडून गेलेला सेल्समन प्रत्येक महिन्याला. तुमच्या त्या फोनला आता दोनच रस्ते, एकतर त्या माणसाला गोड बोलून त्याचं अकाउंट टाकून घेणं किंवा बिल घेऊन त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला जाणं. युट्यूबवरच्या बायपासच्या मागे लागू नका.

हे झालं की सेटिंग्जमधूनच रिसेट मारा. फोन चालू झाला, भाषा विचारणारी पहिली वेलकम स्क्रीन आली की रिकाम्या जागेवर एकाच ठिकाणी सहा वेळा टॅप करा, क्यूआर स्कॅनर उघडतो. कन्सोलमध्ये तुम्ही त्या पद्धतीचा क्यूआर बनवलेला असतो, तो स्कॅन करायचा. क्यूआर बनवताना त्यातच ऑफिसच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड टाकता येतो, टाकाच, नाहीतर प्रत्येक फोनवर टाइप करत बसाल. सहा टॅपने काहीच होत नसेल तर पुढे जा, आणि जिथे गुगल अकाउंट विचारतो तिथे ईमेलच्या जागी `afw#setup` टाइप करा, काही सॉफ्टवेअरचा कोड यापेक्षा वेगळा असतो तो त्यांच्या कन्सोलमध्ये लिहिलेला असतो. हा कोडचा रस्ता मात्र फुली मॅनेज्ड फोनपुरता, सेल्सच्या दुसऱ्या पद्धतीला अँड्रॉइड ११ पासून तो चालत नाही, तिथे क्यूआरच लागतो.

पुढे फोन स्वतः ॲप उतरवतो, प्ले सर्व्हिसेस अपडेट करतो, अर्धा तास धरा. जुन्या फोनवर इथे तो "अपडेटिंग" वर अडकल्यासारखा वाटतो, बंद करू नका, चार्जरला लावून ठेवा. स्कॅन झाल्यावर लगेच एरर आली तर मी पहिलं तारीख-वेळ बघतो (बॅटरी पूर्ण उतरलेल्या फोनची तारीख कधी कधी मागे गेलेली असते), मग वायफाय. आणि आधीचं गुगल अकाउंट मागायला लागला तर समजायचं की वरची चौथी पायरी राहिली.

एका दिवशी पाच-सहाच फोन घ्या. एकट्याने जास्त घेतले की कोणाची व्हीसीएफ कोणाची कळत नाही. प्रत्येक फोनच्या मागे पांढरी चिकटपट्टी लावून नाव आणि नंबर लिहा, हसू नका, हे लागतं. आणि पहिले पाच फोन असे निवडा की त्यात एक तरी कायम कुरकुर करणारा सीनियर सेल्समन असेल, तो जे जे चालत नाही म्हणेल तीच तुमची दुरुस्तीची यादी.

सगळेच ३२ एकदम रिसेट करणं शक्य नसेल तर एक मधला रस्ता आहे. डिलिव्हरीचे १२ आत्ता करा, सेल्सच्या फोनवर तात्पुरतं तिसऱ्या पद्धतीने, म्हणजे रिसेट न करता वर्क प्रोफाइल टाका, आणि जसजसे फोन बदलाल तसतसे नवीन फोन पक्क्या पद्धतीने द्या. यात फोनवर पूर्ण ताबा मिळत नाही, एफआरपीचा प्रश्न पण तसाच राहतो, पण मेल आणि ऑर्डर ॲपमधला डेटा उद्यापासून तुमच्या हातात येतो. आणि नवीन फोन कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊ नका, झिरो-टच देणाऱ्या अधिकृत रिसेलरकडून घ्या. तो फोनचे आयएमईआय तुमच्या खात्यात चढवतो, मग फोन पहिल्यांदा चालू केला की आपोआप तुमच्या एमडीएममध्ये जातो, आणि कोणी नंतर रिसेट मारला तरी परत तिथेच येतो. सॅमसंगचे असतील तर नॉक्स मोबाइल एनरोलमेंट हेच काम फुकट करतं.

आता पॉलिसी. कन्सोल उघडलं की दोनशे स्विच दिसतात आणि मालक शेजारी बसलेले असतात, ते म्हणतात युट्यूब बंद करा, कॅमेरा बंद करा. पहिल्या महिन्यात फक्त एवढं लावा: सहा आकडी स्क्रीन लॉक, प्ले स्टोअरबाहेरची ॲप म्हणजे एपीके टाकायला बंदी, ऑर्डर ॲप आणि मेल आपोआप इन्स्टॉल, कामाच्या भागातून खाजगी भागात कॉपी-पेस्ट आणि शेअर बंद, आणि कंपनीच्या फोनवर एफआरपीसाठी कंपनीचं गुगल अकाउंट. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हे लावलं की फोन कोणी बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट केला तरी तो त्या माणसाचं नाही तर तुमच्या ॲडमिनचं अकाउंट मागतो. कन्सोलमध्ये हे "एंटरप्राइज एफआरपी" किंवा तत्सम नावाने सापडेल. लावल्यावर एका फोनवर रिकव्हरीतून रिसेट मारून खरंच तुमचं अकाउंट मागतो का ते बघा, आणि ते अकाउंट टाकून फोन उघडतोय का ते पण बघा, कारण टू-स्टेप चालू असेल तर कोड ज्या फोनवर येतो तोच फोन रिसेट केलेला असला की मजा येते.

एक स्विच मात्र घाईने लावू नका, किमान अँड्रॉइड व्हर्जन आणि सिक्युरिटी पॅच. ऐकायला छान वाटतं की तीन महिन्यांपेक्षा जुना पॅच असेल तर मेल बंद. पण दहा-बारा हजारांच्या बऱ्याच फोनला काही वर्षांनी पॅच येणंच बंद झालेलं असतं, सकाळी नऊला अर्ध्या सेल्सची मेल बंद आणि तुमचा फोन वाजायला सुरू. आधी फक्त रिपोर्टवर ठेवा, किती फोन मागे आहेत ते दिसेल, तीच यादी मालकांपुढे ठेवून पुढच्या खरेदीत ते फोन बदलून घ्या.

लोकेशनचं मालक विचारणारच. सेल्समन बीटवर आहे का चहाच्या टपरीवर, हे एमडीएमचं काम नाही, बहुतेक ऑर्डर बुकिंग ॲपमध्ये दुकानावर चेक-इन असतो, तो वापरा. एमडीएममधलं लोकेशन हरवलेल्या फोनपुरतं ठेवा आणि तसं लिहून द्या. ऑफिसवाल्यांच्या स्वतःच्या फोनवर तर प्रश्नच नाही.

ऑफिसच्या या १५ जणांचं काम तांत्रिक कमी आणि समजावण्याचं जास्त आहे. सगळ्यांना एकच भीती, माझे फोटो दिसणार का, व्हॉट्सॲप वाचणार का. खरं उत्तर असं की दिसत नाही. स्वतःच्या फोनवरच्या वर्क प्रोफाइलमध्ये कंपनीला फोनचं मॉडेल, अँड्रॉइड व्हर्जन, कामाच्या कप्प्यातली ॲप एवढंच कळतं. खाजगी ॲपची यादी, फोटो, कॉल, मेसेज यातलं काही नाही, अँड्रॉइड १२ पासून तर आयएमईआयही कळत नाही. फोन पुसा असं कन्सोलमधून दाबलं तरी फक्त कामाचा कप्पा जातो. हे तोंडी सांगू नका, एका पानावर मराठीत लिहा, काय दिसतं, काय दिसत नाही, नोकरी सोडल्यावर काय पुसलं जाईल, आणि सही घ्या. आणि एकाचा फोन मोठ्या स्क्रीनला लावून सगळ्यांसमोर कन्सोल उघडून दाखवा, अकाउंट्समधल्या मॅडमना स्वतःच्या डोळ्याने दिसलं की आपली पाच ॲपच दिसतायत, मग बाकीचे चौदा आपोआप तयार होतात. तरी एखादा नाही म्हणाला तर जबरदस्ती नको, त्याला मेल लॅपटॉपवरच.

कप्पा तयार झाला की कामाच्या ॲपवर छोटी ब्रीफकेसची खूण येते. पहिल्या आठवड्यात तुम्हाला नक्की येणारी तक्रार सांगतो: "मी बिलाचा फोटो काढला पण मेलमध्ये जोडायला गेले तर दिसतच नाही." फोटो खाजगी कॅमेऱ्याने काढलेला असतो, तो खाजगी गॅलरीत गेला, कामाच्या मेलला ती गॅलरी दिसत नाही. ब्रीफकेसवाला कॅमेरा वेगळा आहे, कामाचे फोटो त्याने काढायचे, किंवा मेलमध्येच कॅमेऱ्याचं बटण दाबून. दुसरी तक्रार, कामाच्या कप्प्यात व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं की ओटीपी आपोआप भरला जात नाही, कारण एसएमएस खाजगी भागातल्या मेसेज ॲपमध्ये येतो, तो बघून हाताने टाकायचा. आणि तिथल्या व्हॉट्सॲपला फक्त कामाच्या कप्प्यातले कॉन्टॅक्ट दिसतात, म्हणून आधी काढलेली व्हीसीएफ तिथे इम्पोर्ट करायला लागते. शाओमीच्या काही फोनवर सेकंड स्पेस चालू असेल तर वर्क प्रोफाइल बनतच नाही, ती आधी बंद करून घ्या.

संध्याकाळी घरी गेल्यावर कामाची ॲप बंद करायचं एक बटण असतं, ते लोकांना आवर्जून दाखवा, मेलचा टुणटुण आवाज बंद होतो आणि विरोध निम्मा कमी होतो. सेल्सच्या कंपनी फोनवर हे सलग किती दिवस बंद ठेवता येईल याला मर्यादा घालता येते, कमीत कमी तीन दिवसांची, त्यानंतर खाजगी ॲप थांबतात.

आयफोन तीनच आहेत आणि मालकांचेच आहेत, त्यामुळे तिथे जपून. ॲपल बिझनेस मॅनेजरला नोंदणी फुकट आहे, पण कंपनीची पडताळणी होते, त्यात दिवस जातात, तो अर्ज आजच टाका. दुकानातून घेतलेला आयफोन ॲपल कॉन्फिगरेटर ॲपने त्यात घेता येतो, त्यालाही रिसेट लागतो आणि पहिले ३० दिवस वापरणारा त्यातून बाहेर पडू शकतो. मी पार्टनर लोकांचे फोन रिसेट करायच्या भानगडीत पडणार नाही, साधी युझर एनरोलमेंट करून फक्त कामाची मेल मॅनेज करेन. एक मात्र कॅलेंडरमध्ये लिहा, एमडीएमला आयफोनशी बोलायला लागणारं ॲपलचं पुश सर्टिफिकेट दर वर्षी रिन्यू करावं लागतं आणि ते ज्या ॲपल अकाउंटने काढलं त्यानेच. नवीन काढलंत तर तिन्ही फोन पुन्हा एनरोल.

आता फोन हरवला तर. लोकांना वाटतं वाइपचं बटण दाबलं की झालं. वाइप इंटरनेटवरून जातो, चोराने सिम काढून फेकलं की कन्सोलमध्ये "पेंडिंग" दिसत राहतो, कधी कधी कायमचा. खरं संरक्षण तो सहा आकडी लॉक, कारण आजकालच्या फोनचा डेटा एन्क्रिप्टेड असतो, लॉक उघडला नाही तर वाचता येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मेल आणि ऑर्डर ॲपच्या सर्व्हरवर त्या माणसाचे सगळे सेशन बंद करा आणि पासवर्ड बदला, कारण हे फोन चालू नसला तरी लागू होतं. मग लॉक आणि लोकेशन, मग वाइप. सिम ब्लॉक करायला कंपनीला फोन लावायच्या आधी लोकेशन मिळतंय का दोन मिनिटं बघा, सिम बंद झालं की नेट पण गेलं. नंतर पोलिसात तक्रार आणि त्याची प्रत घेऊन संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक. कंपनीच्या ३२ फोनचे आयएमईआय कन्सोलमधून एक्सेलमध्ये काढून ठेवा. ऑफिसवाल्यांच्या फोनचा तुम्हाला दिसणार नाही, त्यांना `*#06#` दाबून आपापला लिहून ठेवायला सांगा.

माणूस सोडून जातो तेव्हाचं एक राहिलं, तुमचं दुखणं तेच होतं. व्हॉट्सॲप बिझनेस कंपनीच्या नंबरवर चालतं, पण टू-स्टेपचा पिन त्या सेल्समनच्या डोक्यात असतो. सिम तुमच्याकडे आलं तरी पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, तोवर पार्ट्यांचे मेसेज कोणी बघत नाही. म्हणून एनरोल करतानाच पिन तुम्ही सेट करा आणि रिकव्हरी ईमेल कंपनीचा टाका. शेवटच्या दिवशी फोन हातात घेऊनच कन्सोलमधून पुसा, त्याच्या मागे फोन करून नाही. पण हेही स्पष्ट सांगतो, ज्याने दोन वर्षं पार्ट्यांशी रोज बोलून नंबर पाठ केलेत त्याला कुठलंही एमडीएम थांबवू शकत नाही. एक्सेल, रेटलिस्ट, बाकी येणं-देणं हे जाणार नाही, ओळखी जातील.

चालू झाल्यावर आठवड्यातून एकदा सोमवारी कन्सोलमध्ये "लास्ट सिंक" च्या कॉलमवर सॉर्ट करा. तीन-चार दिवस मागे असलेला फोन दिसला की दोनच कारणं असतात, फोन कपाटात बंद पडलाय किंवा बॅटरी वाचवायच्या नादात फोनने एमडीएमचं ॲपच झोपवलंय. विवो, ओप्पो, शाओमीवर दुसरं जास्त दिसतं, त्या ॲपला ऑटोस्टार्ट चालू आणि बॅटरीत "नो रिस्ट्रिक्शन" करा. असा फोन पॉलिसी घेत नाही आणि वाइपही घेत नाही, पण यादीत मात्र हिरवा दिसू शकतो.

वेळेचं म्हणाल तर आठवडाभर ट्रायल, मग पाच फोन, मग आठवडाभर नुसतं बघणं, मग बाकीचे, दोन महिने सहज धरा. महिनाअखेरचे पाच दिवस आणि दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे सेल्सच्या फोनला हात लावू नका, टार्गेटच्या गडबडीत कोणी तुम्हाला फोन देणार नाही आणि दिलाच तर अर्ध्यात परत मागेल.